स्क्रीनशॉटवरून दोन महिन्यांची तुलना कितपत ग्राह्य?

केतकी_७: गाण्यांच्या अ‍ॅपने दिलेल्या मासिक आढाव्याचे स्क्रीनशॉट मी जपून ठेवले आहेत. जानेवारीत 1,860 मिनिटे, फेब्रुवारीत 1,736. अव्वल प्रकार आधी 'मराठी पॉप', नंतर 'भक्तिसंगीत'. 'ऐकणे घटले, भक्तिसंगीत वाढले' असा सारांश लिहावा का?

रोखठोक: अवश्य लिहावा. 31 तासांवरून गाडी 28 तास 56 मिनिटांवर आली आहे आणि आकडे अ‍ॅपनेच दिलेले आहेत, तेव्हा यात वादाला जागाच कुठे आहे?

तानपुरा: जागा आहे. जानेवारीचे 31 दिवस धरले तर रोजची सरासरी 60 मिनिटे येते आणि फेब्रुवारीचे 28 धरले तर 62, म्हणजे एकूण वेळ 124 मिनिटांनी घटूनही रोजचे ऐकणे किंचित वाढलेच आहे. मात्र फेब्रुवारीचा स्क्रीनशॉट महिना संपल्यावर घेतला होता ना, हे आधी तपासावे. पंचवीस तारखेला घेतलेला असेल तर हा हिशेबच कोलमडतो. प्रकारांचे दुखणे वेगळे आहे. पडद्यावर केवळ क्रम दिसतो, मिनिटे दिसत नाहीत. त्यामुळे भक्तिसंगीत तेवढेच राहून मराठी पॉप कमी झाले असले, तरी पहिला क्रमांक भक्तिसंगीताकडेच जाईल. 'भक्तिसंगीत पहिल्या क्रमांकावर आले' एवढेच लिहावे, 'वाढले' म्हणू नये.

माजघर: आमच्याकडे स्पीकरला माझेच खाते जोडलेले असल्यामुळे सकाळी सासूबाईंचे अभंग आणि रात्री मुलांची बडबडगीते माझ्याच नावावर जमा होतात. वर्षअखेरीस आलेला आढावा पाहून मैत्रिणींनी मला चांगलेच फैलावर घेतले. यावर काही तोडगा आहे का?

खतावणी: तोडगा एकच, स्क्रीनशॉट बाजूला ठेवा. स्पॉटिफायकडून ऐकण्याचा संपूर्ण इतिहास मागवता येतो आणि त्यात प्रत्येक नोंदीपुढे `ms_played` या रकान्यात किती मिलिसेकंद ऐकले ते दिलेले असते, म्हणून बेरीज आपली आपणच करावी. कोणत्या उपकरणावर वाजले याचीही नोंद असल्याने स्पीकरवरचे ऐकणे बहुधा वेगळे काढता येईल.

तानपुरा: मिनिटांपुरते मान्य आहे, पण त्या फायलीत संगीतप्रकाराचा रकानाच नसतो, म्हणजे केतकीताईंचा अर्धा प्रश्न तसाच उरतो. शिवाय त्यातील `ts` ही वेळ यूटीसीप्रमाणे असते; 1 फेब्रुवारीला पहाटे पाचला संपलेला अभंग तिथे 31 जानेवारीच्या रात्री साडेअकराला पडतो. साडेपाच तास मिळवल्याशिवाय महिने वेगळे केले, तर पहाटे ऐकणाऱ्यांचा हिशेब नेमका महिन्याच्या सीमेवर चुकतो.

खतावणी: ते तास मिळवणे हे एका सूत्राचे काम आहे. क्रमवारीतून गेलेली मिनिटे मात्र कोणत्याही सूत्राने परत मिळत नाहीत.

रोखठोक: सरासरीचा मुद्दा पटला, तरी एकूण तास खोटे ठरत नाहीत. महिन्याचा किती वेळ गाण्यांत गेला हे ज्याला पाहायचे आहे, त्याच्या दृष्टीने फेब्रुवारीत घटच झाली.

केतकी_७: फेब्रुवारीच्या स्क्रीनशॉटवर 27 तारीख आहे. आता तो महिना पुन्हा उघडून पाहते.