मदत हवी आहे: कथेतल्या दुकानदाराने फोटो खरा असल्याचे बँकेला कसे पटवावे?

परळकर: दिवाळी अंकासाठी लिहीत असलेली कथा शेवटाशी अडली आहे आणि रविवारी मजकूर द्यायचा आहे. गुहागर तालुक्यातल्या एका गावचा किराणा दुकानदार मुद्रा योजनेखाली दोन लाखांच्या कर्जासाठी अर्ज करतो. अर्जासोबतच्या फोटोत पाटीवरची अक्षरे चिकटवल्यासारखी दिसतात, असा शेरा बँकेचा अधिकारी मारतो. फोटो खरा असल्याचे दुकानदाराने कसे सिद्ध करावे?

मध्यरात्र: सोपे आहे. गॅलरीत फोटोचा तपशील उघडला की तारीख, वेळ आणि ठिकाण दिसते. ते दाखवावे, विषय संपला.

जुना कारकून: संपत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. शिवाय ती बदलताही येते. फोटो कोणी काढला आणि बँकेत कसा पोहोचला, ते आधी सांगा.

डोंबिवलीकर: दोन लाख म्हणजे किशोर गट, कारण शिशू गट 50 हजारांपर्यंतच असतो. माझ्या मेहुण्याने चुकीचा गट लिहिला आणि त्याला महिनाभर हेलपाटे पडले.

परळकर: गट बरोबरच आहे, प्रश्न फोटोचा आहे. लालबागच्या भाच्याने तो गणपतीत काढला आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर मामाला पाठवला. पाटीवरून जाणारी विजेची तार त्याने फोनमधूनच पुसली होती; ती बाब क्षुल्लक वाटल्याने मी लिहिली नाही.

जुना कारकून: अहो, कथा तिथेच आहे! तार पुसली की फोन ती जागा आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. तार अक्षरांवरून जात असेल, तर शिरोरेखा मध्येच जाड होते आणि ‘भांडार’चा अनुस्वार अर्धा उरतो. अधिकाऱ्याने नेमके तेच पाहिले असणार. म्हणजे दुकान खरे आणि त्याचा संशयही खरा. भाच्याने मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्यात आणि दुकानदाराने प्रत्यक्ष पाहणीसाठी लेखी अर्ज द्यावा. तार अजून तिथेच लोंबत असेल.

मध्यरात्र: सोबत पुरावा कायद्यातल्या कलम 65 ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही जोडावे.

जुना कारकून: 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 आले आहे, आणि ते न्यायालयातल्या पुराव्यासाठी आहे. शाखेत ते कोण मागणार?

परळकर: भाच्याने मूळ फोटोवरच बदल जतन केला असेल तर?

जुना कारकून: काही फोनमध्ये बदल मागे घेता येतो, काहींत नाही. नाही आला, तर केवळ पाहणीच उरते.

मध्यरात्र: पण तार पुसल्याचे भाचा आधी कोणाला सांगतो, मामाला की बँकेला?

परळकर: तेच अजून ठरत नाही. मामाला कळले, तर तो अर्जच मागे घेईल असा माणूस आहे.