सर्वेक्षण अधिकारी पदासाठी कव्हर लेटर: तुमचे अनुभव सांगा

खाडीकाठ, ठाणे पूर्व: सार्वजनिक आरोग्यात एमपीएच झालंय, जिल्हा सर्वेक्षण अधिकारी पदासाठी अर्ज करतेय. पहिल्या ड्राफ्टमध्ये मेहनती, टीम प्लेयर वगैरे भरलं होतं, ताई म्हणाली यात तू केलंस काय ते कुठंय? म्हणून इंटर्नशिपमधलं टाकलं: कळव्याच्या एका चाळीत जुलाबाचे 23 पेशंट, एकेका पेशंटची माहिती लिहून लाइन लिस्ट मी केली, त्यातले 19 एकाच नळाचं पाणी पिणारे. एवढं पुरेल का? ज्यांनी असं लेटर लिहिलंय किंवा वाचलंय त्यांनी सांगा.

ऐरोली_जुना: सर्वेक्षण कक्षात बरीच वर्षं काढली, अशी लेटरं चाळलीयेत. 23 पैकी 19 वाचून लगेच मनात येतं की जे आजारी पडले नाहीत ते कुठलं पाणी पीत होते? अख्खी चाळच त्या नळावर असेल तर 19 ला काही अर्थ नाही. तो आकडा आहे का तुझ्याकडे?

खाडीकाठ: आहे, वहीत आहे! खालच्या नळावर 70 माणसं, त्यातली 19 आजारी. बाकीची 110 वरच्या टाकीवर, त्यातली 4.

ऐरोली_जुना: मग हेच लिही ना, शंभरात 27 विरुद्ध शंभरात 4 पण नाहीत. पाण्यात क्लोरीन आहे का बघायची ओटी टेस्ट केली होती का?

खाडीकाठ: हो, टाकीजवळ पाणी पिवळं झालं, खालच्या नळाला रंगच आला नाही, तिथे पाइप गटारातून जातो. नमुना लॅबला गेला पण रिपोर्ट येईपर्यंत माझी इंटर्नशिप संपली.

ऐरोली_जुना: तसंच लिही, रिपोर्ट पाहिला नाही म्हणून. क्लोरीन नसणं म्हणजे जंतू सापडले असं नाही, पाइपमुळेच झालं असं ठोकून दिलंस तर मुलाखतीत तिथेच पकडतील.

घणसोली_पीएचसी: माझ्या लेटरमध्ये मी आजारांच्या नोंदीचे एस, पी, एल फॉर्म दर आठवड्याला भरले असं लिहिलेलं, चांगलं इम्प्रेशन पडतं.

ऐरोली_जुना: फॉर्म तेच आहेत, पण आठवड्याचं गणित जुनं. 2021 पासून आयएचआयपी या ऑनलाइन पोर्टलवर रोजची नोंद टाकायची असते. आणि शून्य पेशंट कळवणारं केंद्र वेगळं, काहीच न कळवणारं वेगळं. तुम्ही गप्प केंद्रांना फोन करत होतात का? केला असेल तर ते लिहा.

मानपाडा_आई: माझ्या मुलाने डेटा एंट्रीला अर्ज केलाय, त्याला पण असं लेटर लागतं का? मागच्या वेळी फक्त फॉर्म आणि झेरॉक्स घेतल्या.

कोपरी_९२: पण ताई तू एमबीबीएस आहेस का? माझं एमपीएच बीडीएसनंतरचं, मला छाननीतच काढलं, लेटर कुणी उघडलं पण नाही.

खाडीकाठ: नाही, बीएएमएस. जाहिरातीत "वैद्यकीय पदवी" एवढंच आहे.

ऐरोली_जुना: त्यात आयुष धरतात की नाही ते जाहिरातीवर असतं. उद्या ऑफिसला फोन करून विचार, आणि लेखी माग.

खाडीकाठ: करते. तोवर तो परिच्छेद नव्याने लिहिते, 70 आणि 110 टाकून.