सायकलला तिसरं चाक फुटतं: प्रॉम्प्टमध्ये सांगून भागतं, की आधी रेघा मारून द्यायच्या?

घाटंजीची मॅडम: शाळेच्या पोस्टरसाठी एआयकडून चित्र काढून राहिले. मुलगी बाबांच्या काळ्या सायकलवर, बाजूला कपाशी. चाकं कधी दोन, कधी तीन. चेन मागच्या चाकापर्यंत जातच नाही. तारा तर जाळीसारख्या. नक्की काय लिहू?

पुसदचा पिंट्या: मॅडम, आकडे लिहा. मोघम लिहिलं की ते मोघमच काढतं. माझी ओळ ही:

```
exactly two wheels, 36 spokes per wheel, no third wheel
```

वीस चित्रं काढतो, तीन-चार बरोबर निघतातच.

आर्वीकर: वीसमधून चार निघतात ते तू निवडतो म्हणून, त्या ओळीमुळे नाही. "no third wheel" लिहिलं की "third wheel" हे शब्द मॉडेलच्या कानावर पडतात, "no"चं वजन फार कमी. नको असलेली वस्तू निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या वेगळ्या खोक्यात टाकावी. तोही फ्लक्ससारख्या काही मॉडेलांत नेहमीच्या सेटिंगवर काम करत नाही. मग तिथं नकोचं नावच काढायचं नाही. आणि 36? मॉडेल मोजत नाही. 36 लिही की 60, तारा त्याच येतील.

मॅडम, चित्राचा आकार किती ठेवला? कॅरियरवर काही आहे का?

घाटंजीची मॅडम: बॅनरसाठी म्हणून 1536 बाय 512. कॅरियरला दोन्हीकडून दुधाच्या कॅन लटकवल्यात, आमच्याकडे तशाच असतात. मॉडेल एसडीएक्सएल.

आर्वीकर: मग दोन्ही कारणं सापडली. ते मॉडेल 1024 बाय 1024 च्या आसपासच्या चित्रांवर शिकलंय. एवढी लांब पट्टी दिली की रिकाम्या जागेत तीच वस्तू पुन्हा काढायला लागतं. आधी चौकोनी चित्रात सायकल नीट करा, मग दोन्ही बाजूंनी शेत वाढवून घ्या. दुसरं, कॅनचं गोल तोंड मागच्या चाकाला खेटून. गोल, धातूचं, चाकाशेजारी, म्हणजे त्याच्या लेखी चाकच. कॅन काढा, कॅरियरवर दप्तर ठेवा.

वरुडवाले काका: तारा जाळीसारख्या झाल्या म्हंजे चाक आऊट झालं बाई. मागच्या चाकाले 40 तारा, पुढच्याले 32, जुन्या काळ्या सायकलचा हाच हिशेब. एकीकडच्या ढिल्या करा, दुसरीकडच्या कसा. चेन पोचत नसंन तं कोणीतरी कडी तोडली हाय.

आर्वीकर: काका, सायकल कॉम्प्युटरनं काढलेली हाय जी, दुकानातली नाही! पण मागं 40 हे तुम्ही बरं सांगितलं. एक काम करता का? दुकानातली एखादी काळी सायकल मोजून द्या. चाक टायरसकट किती, आणि पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत किती?

वरुडवाले काका: चाक 70 सेंटीमीटर. आसापासून आस 114. टेप लावूनच सांगून राह्यलो.

आर्वीकर: आता बघा. 1024 च्या चित्रात 1 सेंटीमीटरला 5 पिक्सेल धरले तर चाक 350 पिक्सेलचं, आसांमधलं अंतर 570. दोन चाकांमध्ये उरतात 220. म्हणजे मधे एक अख्खं चाक मावत असेल तर सायकल चुकली, तारा मोजायचीही गरज नाही. माझी पहिली नजर तिथंच जाते.

तार साधारण 2 मिलिमीटर जाड, म्हणजे चित्रात 1 पिक्सेल. हे मॉडेल 8 बाय 8 पिक्सेलचा एकेक ठोकळा धरून आतल्या आत काम करतं. मागच्या चाकाच्या 40 तारा रिमपाशी साधारण 25 पिक्सेलच्या अंतरावर येतात, तिथं निभतं. पण हबपाशी त्या 2-2 पिक्सेलवर दाटतात, एका ठोकळ्यात तीन-चार. तिथं जाळी होणारच. हे कुठल्या शब्दानं सुटत नाही. चाकाचा तुकडा कापून मोठा करायचा, तेवढाच पुन्हा काढायचा, डीनॉइझ, म्हणजे जुनं किती बदलायचं ते, 0.35 च्या आसपास ठेवून, आणि परत बसवायचा.

पिंट्या: म्हणजे प्रॉम्प्ट लिहिण्यात काहीच अर्थ नाही म्हणतो का तू?

आर्वीकर: आहे ना. कॅमेरा कुठं, सायकलचं तोंड कुठं, हे शब्दांनी छान होतं. मी हे लिहीन:

```
side view, bicycle facing right, camera at hub height,
old black Indian roadster, diamond frame, full chain case,
both wheels fully visible, school bag on rear carrier,
dirt road, cotton field
```

तोंड उजवीकडे, कारण चेन सायकलच्या उजव्या अंगाला असते आणि तेव्हाच ती आपल्याकडे येते. आणि अख्खं चेनकव्हर मागितलं की चेनच्या कड्या काढायची वेळच येत नाही. काळ्या सायकलला ते असतंही, म्हणजे खोटंही नाही.

वर्ध्याची चित्रकार: ही पळवाट झाली. उद्या मॅडमना सायकलचे भाग दाखवणारा तक्ता हवा असेल तर चेन झाकून कसं चालेल? आणि मॉडेलवर एवढं का चिडता? 2006 च्या अभ्यासात लिव्हरपूलच्या मानसशास्त्रज्ञ रेबेका लॉसन यांनी साध्या माणसांना अर्धवट काढलेली सायकल पूर्ण करायला सांगितली, कित्येकांनी चेन दोन्ही चाकांभोवती गुंडाळली. नेहमी चालवणाऱ्यांतलेही काही चुकले. माझं मत, फ्रेमच्या रेघा मारूनच द्याव्या. शब्दांनी डंडा कुठं जोडतो ते सांगता येत नाही.

पिंट्या: रेघाच मारायच्या तर काकांच्या सायकलचा फोटोच काढा ना! एआय कशाला?

आर्वीकर: फोटोच काढायचा, बरोबर बोलला. सायकल स्टँडवर, मोबाईल हबच्या उंचीवर, चार-पाच पावलं लांब. त्या फोटोवरून कडांच्या रेघा काढून कंट्रोलनेटला, म्हणजे मॉडेलला रेघांबरहुकूम चालवणाऱ्या जोडाला, द्यायच्या, शेत आणि उजेड शब्दांनी मागायचा. रेघांचा जोर 0.65 ठेवा आणि चित्र घडवायच्या साठ टक्के पायऱ्या झाल्या की रेघा सोडून द्या, नाहीतर स्टँडही पोरीसोबत शाळेत जातो.

चित्रकार: आणि पोरीचा पाय? मी करून पाहिलं. सायकल अचूक, पण पाय पॅडलच्या चार बोटं वर हवेत. फोटोत कोणी बसलेलंच नव्हतं.

आर्वीकर: मग कोणाला तरी बसवूनच फोटो काढा. त्याला दुसरा सोपा उपाय मला सापडलेला नाही.

घाटंजीची मॅडम: भाचीला बसवून फोटो काढला. चौथ्या खेपेला जमलं! दोन चाकं, पाय पॅडलवर, अंतरही काकांच्या मापाचं. हबपाशी थोडं गिचमिड आहे, पण पोस्टर भिंतीवर लागणार. फक्त छापणाऱ्यानं शाळेचं नाव उजवीकडे बसेना म्हणून चित्र आरशासारखं उलटवून दिलं.

वरुडवाले काका: पाह्यलं मी. चेनकव्हर डाव्या अंगाले गेलं बाई.

पिंट्या: कोणाला कळणार आहे काका!

वरुडवाले काका: मले कळलं ना.

चित्रकार: मॅडम, नाव डावीकडे घ्यायला सांगा, सायकल उलटवू नका. आणि आर्वीकर, हे सगळं बाजूनं दिसणाऱ्या सायकलचं झालं. समोरून तिरकी येणारी सायकल असेल तर तुमचं ते 220 पिक्सेलचं गणित कुठं लावणार?

आर्वीकर: तिथं नाही लागत. तिरक्या सायकलला मी अजून प्रत्येक वेळी नवीन फोटोच काढतो.