सरासरी २८, मॅनेजरांना हव्यात ३४: पुढच्या स्प्रिंटसाठी किती पॉइंटांना हो म्हणावे?

गोरेगाव पूर्व
आमची सहा जणांची टीम आहे, पाच डेव्हलपर आणि एक टेस्टर. स्प्रिंट दोन आठवड्यांचा असतो. गेल्या सहा स्प्रिंटमध्ये अनुक्रमे ३१, २८, ३४, १२, ३६ आणि २९ स्टोरी पॉइंट पूर्ण झाले. त्यातला १२ हा अपवाद म्हणून वगळावा, उरलेल्या पाचांची सरासरी ३२ च्या आसपास येते, तीवर थोडा जोर लावून ३४ चा शब्द द्यावा, असे आमच्या मॅनेजरांचे म्हणणे आहे. पुढच्या स्प्रिंटमध्ये गणेश चतुर्थीची सुट्टी आहे, शिवाय दोघे जण आणखी तीन-तीन दिवस गावी जाणार आहेत. किती पॉइंटांना हो म्हणणे योग्य ठरेल?

पवईचा हिशेबनीस
मॅनेजर एका बाजूचे टोक कापत आहेत आणि दुसऱ्या बाजूचे ठेवत आहेत, एवढीच त्यांची चूक दिसते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे दोन्ही आकडे वगळले की ३१, २८, ३४ आणि २९ उरतात आणि त्यांची सरासरी साडेतीस येते. माझ्या मते ३० चा शब्द द्यावा आणि विषय संपवावा. सुट्ट्या काय, दर स्प्रिंटला कुणाच्या ना कुणाच्या असतातच.

बोरिवली स्लो
कोणताही आकडा वगळण्याआधी तो तसा का आला, हे विचारले पाहिजे. चौथ्या स्प्रिंटमध्ये नेमके काय घडले होते? १२ नंतर लगेच ३६ यावेत, यात मला योगायोग दिसत नाही. एखादी मोठी स्टोरी अर्धवट राहून पुढच्या स्प्रिंटमध्ये गेली होती का?

गोरेगाव पूर्व
होय. पेमेंटचा ताळमेळ लावणारी १३ पॉइंटांची एक स्टोरी होती. कोड तयार होता, पण टेस्टिंगला वेळ पुरला नाही आणि ती पाचव्या स्प्रिंटच्या तिसऱ्या दिवशी बंद झाली. नियमाप्रमाणे तिचे सगळे १३ पॉइंट पाचव्यात धरले.

बोरिवली स्लो
मग प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे. पूर्ण झालेल्या स्टोरीचेच पॉइंट मोजायचे, हा नियम योग्य आहे, परंतु त्याचा परिणाम असा होतो की, काम एका स्प्रिंटमध्ये केले जाते आणि त्याचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. तुमच्या ३६ मधले १३ पॉइंट हे बहुतांशी चौथ्या स्प्रिंटमधल्या घामाचे आहेत. त्यामुळे १२ आणि ३६ हे दोन स्वतंत्र आकडे नसून एकाच घटनेची दोन टोके आहेत. दोन्ही मिळून ४८ होतात, म्हणजे प्रत्येकी २४. मॅनेजरांनी १२ वगळले आणि ३६ ठेवले, म्हणजे खर्चाचे पान फाडले आणि जमेचे पान वहीत ठेवले. या जोडीपैकी एक काढायचा असेल, तर दुसराही काढला पाहिजे, आणि ठेवायचा असेल तर दोन्ही.

हिशेबनीस यांचे साडेतीस याच कारणाने बरोबर वाटतात, पण ते अपघाताने. किमान आणि कमाल आकडे या वेळी एकाच स्टोरीमुळे आले म्हणून ते एकत्र कापले गेले. चौथा स्प्रिंट १२ ऐवजी २५ चा झाला असता आणि कमाल आकडा दुसऱ्याच कशाने आला असता, तर तीच पद्धत चुकीचे आकडे कापून मोकळी झाली असती. माझे मत विचाराल, तर सहाही आकडे ठेवावेत. बेरीज १७०, सरासरी २८ च्या थोडी वर.

आता ३४ कडे पाहा. गेल्या सहा स्प्रिंटमध्ये ३४ किंवा त्याहून जास्त पॉइंट फक्त दोनदा झाले आणि त्यांतले एकदा उसन्या पॉइंटांवर. ३१ किंवा जास्त तीनदा झाले. २८ किंवा जास्त मात्र सहापैकी पाच वेळा. ज्या आकड्याचा शब्द द्यायचा, तो पूर्वी किती वेळा गाठला गेला, हे असे बोटांवर मोजता येते आणि मॅनेजरांना ते सरासरीपेक्षा लवकर पटते. सुट्ट्यांचा विचार यानंतर करायचा, आणि तो करायलाच हवा.

ऐरोली नॉलेज पार्क
मला ही चर्चाच समजली नाही. आमची टीमही सहाच जणांची आहे आणि आम्ही दर स्प्रिंटला ७० च्या वर पॉइंट देतो. २८ आणि ३४ मध्ये अडकण्याऐवजी टीमची क्षमता कमी का, हे तपासावे. आमच्याकडे तर क्लायंटच्या करारातच किमान पॉइंट लिहिलेले आहेत आणि ते चुकल्याचे मला तरी आठवत नाही.

बोरिवली स्लो
करारात पॉइंट लिहिले की ते चुकत नाहीत, हे मीही पाहिले आहे, कारण त्यानंतर तीनची स्टोरी पाचची आणि पाचची आठची होते. तुमच्या टीमने सुरुवातीला कोणत्या स्टोरीला ३ म्हटले, यावर तुमचे ७० अवलंबून आहेत. दोन टीमचे पॉइंट शेजारी ठेवणे म्हणजे एकाची वीत आणि दुसऱ्याचा हात यांची तुलना करणे होय. प्रश्नकर्त्याचे आकडे फक्त त्याच्याच टीमच्या कालच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील.

पवईचा हिशेबनीस
अपघाताचा मुद्दा मान्य आहे, परंतु मग दुखण्याचे मूळच का काढू नये? ती १३ ची स्टोरी चौथ्या स्प्रिंटमध्ये जेवढी झाली होती तेवढे, समजा १० पॉइंट, तिथेच द्यावेत आणि उरलेले ३ पाचव्यात. मग १२ चे २२ होतात, ३६ चे २६ होतात आणि आलेख सरळ दिसतो.

बोरिवली स्लो
आलेख सरळ दिसतो, पण सरासरी तसूभरही हलत नाही, कारण बेरीज तीच राहते. फरक पडतो तो शेवटच्या स्प्रिंटमध्ये, जिथे अर्धवट स्टोरी अजून बंद झालेली नसते. तिथे अंदाजाने दिलेले पॉइंट म्हणजे न वठलेला धनादेश आहे आणि त्याच्या भरवशावर तुम्ही पुढचा शब्द देता. शिवाय "दहा पॉइंटांचे काम झाले" हे ठरवणार कोण? ज्याने कोड लिहिला, त्याच्या दृष्टीने काम नेहमीच नव्वद टक्के झालेले असते.

गोरेगाव पूर्व
हे वाचून थोडे ओशाळल्यासारखे झाले. आत्ता संपलेल्या सहाव्या स्प्रिंटमधूनही ८ पॉइंटांची एक स्टोरी पुढे जात आहे. डेव्हलपरच्या मते ती नव्वद टक्के झाली आहे, म्हणून नियोजनात तिला १ पॉइंटाची धरावी, असे आमच्यात ठरत होते. आणि हो, गावी जाणाऱ्या दोघांपैकी एक आमचा टेस्टर आहे.

चाचणीवाली, ठाणे
मी बारा वर्षे टेस्टिंग करते, म्हणून ही शेवटची दोन वाक्ये मला बाकीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटतात. डेव्हलपरसाठी नव्वद टक्के झालेली स्टोरी टेस्टरसाठी शून्य टक्के झालेली असते. ती १ पॉइंटाची धरली, तर तिच्यामागचे टेस्टिंगचे सगळे काम कागदावरून नाहीसे होईल आणि प्रत्यक्षात माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर पडेल.

आता दिवस मोजू. सहा जण गुणिले दहा दिवस म्हणजे ६० दिवस. चतुर्थीचे ६ गेले, दोघांचे तीन-तीन गेले, उरले ४८. नेहमीचा हिशेब केला तर

२८ × ४८ ÷ ६० = २२.४

म्हणजे २२ पॉइंट. जुन्या स्प्रिंटमध्येही रजा झाल्या असतील, तर ६० च्या जागी तेव्हा प्रत्यक्ष भरलेल्या दिवसांची सरासरी घ्यावी, नाहीतर रजेची वजावट दोनदा होते. परंतु हा हिशेब सहाही जणांना सारखे धरतो आणि तुमच्या टीममध्ये तसे नाही. टेस्टर दहापैकी सहाच दिवस असेल. चौथ्या स्प्रिंटची स्टोरी टेस्टिंगमध्ये अडकली, सहाव्याचीही तिथेच अडकलेली दिसते, म्हणजे तुमची अरुंद जागा तीच आहे. तिच्या प्रमाणात धरले तर

२८ × ६ ÷ १० = १६.८

म्हणजे १७. खात्री करायची असेल, तर स्प्रिंटच्या आठव्या दिवशी बोर्ड पाहावा. बहुतेक कार्डे टेस्टिंगच्या रकान्यात साचलेली असतील तर १७ च्या जवळ राहावे, कार्डे सगळीकडे विखुरलेली असतील तर २२ चालतील. त्या ८ च्या स्टोरीला पूर्ण ८ धरावे आणि टेस्टर गावी जाण्याआधी ती सर्वांत आधी बंद करावी.

पवईचा हिशेबनीस
टेस्टर नसेल तेव्हा डेव्हलपर एकमेकांच्या स्टोरी तपासू शकतात. आमच्याकडे गेल्या वर्षी तसे केले होते. त्यामुळे १७ हा आकडा मला फार भित्रा वाटतो.

चाचणीवाली, ठाणे
तपासू शकतात, जरूर तपासावे, पण मग ते दिवस कोड लिहिण्यातून वजा करावे लागतील आणि तुम्ही पुन्हा २२ च्या खालीच याल. तुमच्याकडे त्या वेळी नंतर किती बग परत आले, हेही सांगितलेत तर चर्चेला उपयोग होईल.

शंकेखोर दादरकर
इतका वेळ सगळे पॉइंटांचीच बेरीज-वजाबाकी करत आहेत. स्टोरी पॉइंट कदाचित मीच शोधून काढले आणि तसे असेल तर आता त्याबद्दल खेद वाटतो, अशा अर्थाचे खुद्द रॉन जेफ्रीज यांनी २०१९ मध्ये लिहिले आहे. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये व्हेलॉसिटी हा शब्दही नाही, आणि स्प्रिंटमधल्या कामाला 'वचन' न म्हणता 'अंदाज' म्हणण्याचा बदल तर २०११ मध्येच झाला. स्टोरी लहान करा, दर स्प्रिंटला किती बंद होतात ते मोजा आणि पुढच्या वेळी तेवढ्याच घ्या. त्यासाठी पॉइंटांचा खेळ कशाला हवा?

बोरिवली स्लो
स्टोरी साधारण एकाच आकाराच्या असतील, तर तुमची पद्धत सोपी आणि पुरेशी आहे, हे मी मान्य करतो. परंतु ज्या टीममध्ये १३ ची स्टोरी आणि १ ची स्टोरी एकाच स्प्रिंटमध्ये असतात, तिथे 'सात स्टोरी झाल्या' या वाक्यातून काय कळणार? शिवाय मोजणी बदलली तरी अडकलेली स्टोरी पुढच्याच स्प्रिंटमध्ये मोजली जाणार आणि टेस्टरची रजा तशीच राहणार. 'अंदाज' हा शब्द मात्र मॅनेजरांना दाखवण्यासारखा आहे. ३४ चा शब्द मागणाऱ्याला १७ ते २२ चा अंदाज द्यावा आणि त्यातल्या कोणत्या स्टोरी आधी होतील, ते क्रमाने सांगावे.

शंकेखोर दादरकर
१३ ची स्टोरी स्प्रिंटमध्ये घेतलीच का, हा माझा प्रश्न आहे. ती चार तुकड्यांत मोडली असती, तर चौथ्या स्प्रिंटमध्ये दोन-तीन तुकडे बंद झाले असते आणि हा धागाच निघाला नसता.

बोरिवली स्लो
पेमेंटचा ताळमेळ अर्धा लावून कुणाला काय दाखवणार, हे त्या टीमलाच माहीत. काही स्टोरी मोडतात, काही मोडत नाहीत.

गोरेगाव पूर्व
आज बोर्डाचा इतिहास काढून पाहिला. सहापैकी चार स्प्रिंटमध्ये आठव्या दिवशी निम्म्याहून अधिक कार्डे टेस्टिंगच्या रकान्यात होती. ८ ची जुनी स्टोरी सर्वांत वर ठेवली आहे, तिच्याखाली १० पॉइंटांच्या नव्या स्टोरी, आणि आणखी ४ पॉइंटांच्या स्टोरी 'वेळ उरल्यास' म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. मॅनेजरांनी १२ आणि ३६ ची जोडी लगेच मान्य केली, पण १८ हा आकडा वरच्यांना कसा सांगायचा, यावर ते अडून बसले आहेत. बुधवारी प्लॅनिंग आहे.

चाचणीवाली, ठाणे
वरच्यांना आकडा सांगू नका, टेस्टरची गाडी कोणत्या तारखेची आहे ते सांगा.