मदत हवी आहे : भोंडल्याच्या व्हिडिओत ठिकाण किती नेमकं लिहावं?

नमस्कार मंडळी, कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या भोंडल्याचा व्हिडिओ यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर टाकायचा आहे. ‘कोथरूड भोंडला’ असं शोधणाऱ्याला तो सापडावा, म्हणून शीर्षकात ‘कोथरूड, पुणे’ ठेवणारच आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. लोकेशन टॅगमध्ये सोसायटीचं नाव द्यावं का?

माझा कल न देण्याकडे आहे. नाचणाऱ्यांत बऱ्याच लहान मुली आहेत, आणि भोंडला रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी असतो. नाव दिलं, तर मुली कुठे आणि कधी जमतात हे कोणालाही कळेल. त्यामुळे व्हिडिओ नवरात्र संपल्यावरच टाकेन.

पण टॅग गाळून भागेल असं वाटत नाही. एका दृश्यात गेटवरची पाटी दिसते, ती कापता येईल. खिरापत ओळखून झाल्यावर मात्र एक काकू ‘उद्या अमक्यांकडे, बी विंग, तिसरा मजला’ असं मोठ्याने सांगतात, आणि ते नेमकं मुलींच्या हसण्यात मिसळलंय. तेवढाच आवाज काढला तर सगळी मजा जाते. त्यावर गाण्याचा तुकडा बेमालूम कसा बसवावा?

शिवाय मूळ फाइल पालकांना ड्राइव्हवरून द्यायची आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू होतं, म्हणजे फाइलमध्ये अक्षांश-रेखांश असणार. व्हिडिओचा दर्जा न घालवता ते कसे काढता?