भारतातली किंमत १९९ की ४८०? आणि सूट कधी?

मंदार, फोंडा: स्टीमवर आमचा अडीच तासांचा कोड्यांचा गेम १० जूनला येतोय. अमेरिकेत ९.९९ डॉलर ठरलेत, भारतासाठी ४८० रुपये मनात आहेत. पण आपल्याकडे एवढे कोण मोजणार? १९९ ठेवू? आणि पहिल्याच आठवड्यात ४० टक्के सूट देऊ?

डिचोलीकर: १९९ च ठेव. आपली पोरं ४८० बघून पुढे जातात. चालला तर नंतर वाढव, किंमत आपल्याच हातात असते.

सुलक्षा, पर्वरी: पोरांबद्दलचं बरोबर आहे, "नंतर वाढव" मात्र महागात पडेल. कुठल्याही एका चलनात किंमत वाढवली की तीस दिवस कुठेच सूट देता येत नाही. नुसते रुपये वाढवले तरी अमेरिकेतला सेल हुकतो.

आता हिशेब बघ. १९९ मधून १८ टक्के जीएसटी आणि मग स्टीमचे ३० टक्के गेले की हातात ११८ च्या आसपास उरतात. ४८० वर अर्धी सूट दिलीस तर गिऱ्हाईक २४० देतो आणि तुला १४२ मिळतात. सुटीचा टक्का सगळ्या देशांना एकच लागतो, म्हणून १९९ वर अर्धी सूट म्हणजे हातात जेमतेम ५९.

आणि मंदार, खरी अडचण तारखेची आहे. १० जूनला सात दिवसांची सूट लावलीस तर ती १७ ला संपेल, आणि पुढचे तीस दिवस दुसरी लावता येणार नाही. उन्हाळी सेल साधारण जूनच्या शेवटी सुरू होतो. तो हातचा जाणार. मेच्या पहिल्या आठवड्यात आणता येत नाही का?

कळंगुटचा राजू: आमच्याकडे खोल्यांचं असंच. पावसात अर्ध्यात दिल्या की डिसेंबरातही लोक तोच भाव मागतात. ४० नको रे बाबा.

डिचोलीकर: खोली रिकामी राहिली तर ती रात्र बुडते, गेमचं तसं नाही. पण सुरुवातीला दहाच टक्के दिले तर विशलिस्टवाल्यांना कळणार कसं?

सुलक्षा: गेम बाहेर आला की विशलिस्टवाल्यांना मेल जातोच, सूट असो वा नसो. नंतरच्या सुटीला मात्र २० टक्के किंवा जास्त असेल तरच मेल जातो. म्हणून सुरुवातीला १०, उन्हाळी सेलमध्ये २०, आणि अर्धी सूट पुढच्या वर्षासाठी ठेव.

मंदार: मे जमेल, ट्रेलर मात्र अडकलाय. ४८० बद्दल अजून धीर होत नाही. अडीच तासांचा गेम आहे, दोन तासांच्या आत खेळून रिफंड मागितला तर?

सुलक्षा: रिफंड मिळेल, चौदा दिवसांत मागितला तर. म्हणून शेवटचं चांगलं कोडं दोन तासांनंतर येऊ दे. ३४९ वर मी हरकत घेणार नाही, त्याखाली घेईन.

डिचोलीकर: मी २४९ च्या वर जाणार नाही.