मदत हवी: माझा एचबीए२ 5.4, नवऱ्याचा 3.4. बाळाला थॅलेसेमिया होईल का?

कळव्याची_सून:
डॉक्टर म्हणाल्या मी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसती वाहक, नवऱ्याचीही तपासणी करा. एचबीए२ सारखे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजतात त्या त्याच्या एचपीएलसी रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलंय, तरी मॅडम म्हणतात परत बघू. बाळाला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया, होईल का? हो की नाही एवढंच सांगा, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

वाशीकर:
कितवा आठवडा? नवऱ्याचा सीबीसी कुठाय?

नेरुळची_आई:
माझा रक्तगट निगेटिव्ह होता, सातव्या महिन्यात एक इंजेक्शन घेतलं, बाळ ठणठणीत आहे. घाबरू नकोस गं.

वाशीकर:
ताई, तो विषय वेगळा. इथे रक्तगटाचा संबंध नाही.

कळव्याची_सून:
नववा आठवडा संपला. त्याचं हिमोग्लोबिन 12.2, एमसीव्ही 66, आरबीसी 5.9.

सचिन_ऐरोली:
मग चिंता सोडा. एचबीए२ 3.5 च्या खाली म्हणजे तो मायनर नाही. आणि दोघंही असलात तरी चारातलं एकच मूल मेजर होतं.

लॅबवाली_मावशी:
सचिन, तसं नसतं. दोघे मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात नव्याने 25 टक्के शक्यता मेजरची, 50 टक्के मायनरची. पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका घटत नाही.

सूनबाई, एमसीव्ही 66, म्हणजे तांबड्या पेशी इतक्या लहान, असताना 3.4 ला मी नॉर्मल म्हणणार नाही. शरीरात लोह कमी असलं की एचबीए२ खाली येतो आणि मायनर लपतो. नुसती लोहाची कमतरता असती तर आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशी, सहसा इतक्या जास्त नसत्या. त्याला कुठून रक्त जातं का?

कळव्याची_सून:
मूळव्याध आहे. वर्षभर रक्त पडतंय. हे सांगायचं असतं हे सुचलंच नाही.

लॅबवाली_मावशी:
तेच तर. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणी, करून घ्या. एरवी लोहाच्या गोळ्या देऊन तीन महिन्यांनी एचपीएलसी परत करतात, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. दोघांची डीएनए तपासणी आत्ताच करा. दोघांतला दोष नेमका कुठला हे माहीत असेल तरच तो बाळाच्या नमुन्यात शोधता येतो. तोही मायनर निघाला तर 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना घेतात. ते हुकलं तर सोळाव्यापासून गर्भजल. परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच ही रक्तविकारांची संस्था आहे, तिथे ही तपासणी होते.

सचिन_ऐरोली:
वारेच्या सुईने गर्भपात होतो म्हणतात. आणि मायनरला लोह देतच नाहीत.

लॅबवाली_मावशी:
धोका आहे, पण थोडा. म्हणून आधी नवऱ्याचं नक्की करायचं. लोह फेरिटिन बघून द्यायचं. कमी असेल तर मायनरलाही लागतं.

कळव्याची_सून:
फेरिटिन 7 आलं, म्हणजे लोह कमीच. डीएनएसाठी दोघांचं रक्त आज दिलं. सासूबाई म्हणतात घरात कुणालाच काही नाही, मग याला कुठून येईल?

वाशीकर:
मायनर माणसाला आयुष्यभर कळतही नाही. माझं लग्नानंतर कळलं. दिराचं लग्न ठरायचं असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या.